आवक दुप्पट झाली, तर माणसे किती?

दिवाळीपूर्वीचे चार-पाच आठवडे व्यापारी कुटुंबांत मोठ्या धामधुमीचे असतात. माल मागवण्याचा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला जातो. तो माल गोदामात उतरवून जागेवर लावण्याचा हिशेब मात्र बहुधा अंदाजावरच चालतो. बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मी अनेक गोदामे पाहिली. परंतु या अंदाजाची किंमत काय असते, हे मला निवृत्तीनंतर, शिरवळ येथे माझ्या भाच्याच्या गोदामात समजले.

शिरवळ हे सातारा जिल्ह्यातील, पुणे-बंगळूर महामार्गावरील गाव. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो आणि दक्षिणेस खंबाटकी घाट. पुणे, सातारा, सांगली या तिन्ही बाजारपेठांना माल पुरवण्यास हे ठिकाण सोयीचे. भाचा घरगुती वापराच्या वस्तूंचा वितरक आहे. एरवी त्याच्याकडे दिवसाला सहा गाड्या येतात. प्रत्येक गाडीत सरासरी सहाशे खोकी सुटी भरलेली असतात. ती उतरवून पॅलेटवर रचली जातात. एका पॅलेटवर चाळीस खोकी, म्हणजे गाडीमागे पंधरा पॅलेट. त्या वर्षी दिवाळीपूर्वी ही आवक चौदा गाड्यांवर जाणार होती.

त्याने सरळ विचार केला. आवक दुपटीहून अधिक, तर हमाल तिप्पट. चारांचे बारा झाले. पहिल्याच सोमवारी सकाळी आठ वाजता काम सुरू झाले आणि दहा वाजता थांबले. उतरवलेला माल ठेवण्याच्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा उरली नाही. हमाल बसून राहिले, बाहेर गाड्यांची रांग लागली आणि वाहतूकदारांनी हॉल्टिंगचे पैसे लावले. रात्रपाळी लावावी का, असे विचारण्यास त्याने मला फोन केला.

मी तीन दिवस घड्याळ आणि वही घेऊन तेथे बसलो. खोके गाडीतून जागेवर जाईपर्यंत तीन कामे होतात: उतरवून पॅलेटवर रचणे, मोजणी व तपासणी करून संगणकात नोंद करणे आणि स्टॅकर यंत्राने पॅलेट रॅकमध्ये लावणे. प्रत्येक कामाचा वेळ मी स्वतंत्रपणे मोजला. सकाळी, दुपारी आणि पाळीच्या अखेरीसही. मोजण्यासाठी सर्वांत चपळ हमाल निवडला नाही, मध्यम गतीने दिवसभर टिकणारा निवडला. त्याला एका खोक्यास सरासरी वीस सेकंद लागत. पाणी, विश्रांती, ऑक्टोबरचे ऊन आणि गाडी डॉकला लागण्याचा वेळ यांसाठी पाचवा हिस्सा वाढवला. चोवीस सेकंद झाले, म्हणजे माणशी तासाला १५० खोकी. याच रीतीने नोंदणी करणारा तासाला बारा पॅलेट हातावेगळी करतो आणि स्टॅकर पंधरा पॅलेट लावतो, असे दिसून आले. आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष कामाचे तास सात धरले.

आता सोमवारचे कोडे उलगडते. बारा हमाल तासाला १८०० खोकी, म्हणजे ४५ पॅलेट उतरवत होते. दोन नोंदणीदार २४ पॅलेट तपासत आणि एकुलता एक स्टॅकर पंधराच लावत असे. दर तासाला तीस पॅलेट जमिनीवर साचत होती. मोकळी जागा साठ पॅलेटची. ती दोन तासांत भरली, यात नवल ते काय! गोदामाची गती हमालांच्या नव्हे, स्टॅकरच्या हातात होती. ज्या कामाची गती सर्वांत कमी, त्याच्याशी बाकीची कामे जुळवली पाहिजेत.

चौदा गाड्यांची २१० पॅलेट होतात. एका स्टॅकरला त्यासाठी चौदा तास लागतात, म्हणजे बरोबर दोन पाळ्या. आम्ही सकाळी सहा ते दोन आणि दोन ते रात्री दहा अशा पाळ्या आखल्या. प्रत्येक पाळीत चार हमाल ठेवले. ते तासाला सहाशे खोकी, म्हणजे नेमकी पंधरा पॅलेट उतरवतात. नोंदणीदार दोन आणि यंत्रचालक एक. बारा हमालांऐवजी आठ पुरले आणि रात्रपाळीची गरज राहिली नाही.

परंतु कागदावर तंतोतंत जुळलेला हिशेब प्रत्यक्षात टिकत नाही, कारण त्यात चुकीला जागा नसते. घाटात कोंडी झाली की चार गाड्या एकदम येतात. यंत्राची बॅटरी उतरते. म्हणून दुसऱ्या पाळीपुरता एक स्टॅकर भाड्याने घेतला, सकाळचा तुंबलेला माल दुपारी निघावा यासाठी. पुरवठादारांनाही गाडी पोहोचण्याच्या वेळा ठरवून दिल्या. पूर्वी बहुतेक गाड्या सकाळी एकदमच दारात उभ्या राहत.

दुसरी अडचण नव्या माणसांची. नवखा हमाल पहिल्या आठवड्यात साधारण दोन-तृतीयांश गतीने काम करतो, असे माझ्या वहीत दिसले. दोन जुने व दोन नवे अशी टोळी केली, तर तासाला सहाशेऐवजी पाचशे खोकी उतरतात. दोन पाळ्यांत जेमतेम अकरा-बारा गाड्या. म्हणून माणसे गर्दीच्या दिवशी नव्हे, आठ-दहा दिवस आधी घ्यावीत आणि नव्यांची वेगळी टोळी करू नये.

प्रमाण ठरवताना मोह होतो तो सर्वांत चपळ माणसाचा वेग सर्वांवर लादण्याचा. तसे केल्यास खूण लगेच दिसते: फुटलेली खोकी वाढतात, मोजणीत फरक येतो आणि पाळीच्या शेवटच्या दोन तासांत गती घसरते. या तीन गोष्टी रोज फळ्यावर लिहाव्यात. त्या वाढू लागल्या, तर दोष माणसांचा मानण्याआधी प्रमाण तपासावे. बारा तासांची एकच पाळी लावण्याचा मार्गही महागच पडतो. थकलेले हात शेवटी कमी काम करतात आणि दुकाने व आस्थापना कायद्यानुसार जादा तासांना मजुरी मात्र दुप्पट द्यावी लागते. शिवाय जेथे १९६९ च्या माथाडी कायद्याचे मंडळ लागू आहे, तेथे टोळी आणि हमालीचे दर मंडळामार्फत ठरतात. ही चौकशी गर्दीपूर्वीच करावी आणि मुकादमाशी बसून प्रमाणाची आकडेवारी त्याच्यासमोर ठेवावी. आमच्या मुकादमाने एक दुरुस्ती सुचवली: जड खोक्यांच्या गाडीला वेगळे प्रमाण हवे. ती योग्यच होती.

शेवटी माझ्या जुन्या पेशातील एक गोष्ट. जमिनीवर पडलेला, नोंद न झालेला माल विकता येत नाही आणि बँकेला दिल्या जाणाऱ्या साठा-पत्रकातही येत नाही. त्यामुळे कॅश क्रेडिटची उचल करण्याची मर्यादा वाढत नाही. पुरवठादाराच्या उधारीचे दिवस मात्र गाडी दारात आल्यापासून मोजले जातात. सोमवारी त्या साठ पॅलेटवर भाच्याची २,४०० खोकी अशीच अडकली होती. हॉल्टिंगची रक्कम त्याला बिलात दिसली. ही दुसरी रक्कम कोणत्याही बिलात दिसत नाही. पुढील सोमवारी रात्री दहा वाजता त्याने फोन केला. जमिनीवर सहा पॅलेट उरली होती आणि तीही पहाटेच्या पाळीने पहिल्या अर्ध्या तासात लावली.