रोमाजी कधी सोडायची?

कराटे, टोयोटा, क्योटो, सुडोकू. हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत, की त्यातल्या ‘ट’ आणि ‘ड’बद्दल कुणाला शंका येत नाही. पण जपानी माणसाच्या तोंडी ते असतात कराते, तोयोता, क्योओतो, सूदोकु. जपानी ध्वनी आपल्या त-दला जवळचे आहेत आणि त, द लिहायला आपली लिपी पुरेपूर समर्थ आहे. तरीही ‘ट’ आला, कारण हे शब्द आपल्यापर्यंत रोमन अक्षरांतून पोचले आणि ती अक्षरं आपण इंग्रजीच्या सवयीने वाचली.

पुण्यात जपानी शिकवताना हा गोंधळ मला पहिल्याच आठवड्यात भेटतो. जपानी रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीला तिकडे ‘रोमाजी’ म्हणतात. त्यातली सर्वांत प्रचलित पद्धत जेम्स हेपबर्न या अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जपानी-इंग्रजी कोश १८६७ साली निघाला आणि १८८६च्या तिसऱ्या आवृत्तीमुळे ही पद्धत सर्वदूर पोचली. व्यंजनं इंग्रजी वाचणाऱ्याला सोयीची व्हावीत, हा तिचा रोख. मराठी विद्यार्थ्याची सोय तिने पाहिलेली नाही.

रोमाजीत सर्वांत आधी निसटतो तो दीर्घ स्वर. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ओनो आणि ओओनो ही दोन वेगळी आडनावं आहेत. एकाचा अर्थ लहान माळ, दुसऱ्याचा मोठा माळ. काटेकोर रोमाजीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, पण रोजच्या लिखाणात ती गळते आणि दोन्ही आडनावं सारखीच दिसू लागतात. ज्या विद्यार्थ्याने शब्द रेघेविना पाठ केला, त्याच्या डोक्यात तो ऱ्हस्वच बसतो. कानावर दीर्घ पडला तरी पाठ झालेलं स्पेलिंग जिंकतं.

संगणकावर हे लख्ख दिसतं. जपानी कीबोर्डवर बहुतेक लोक रोमन अक्षरंच दाबतात, मग यंत्र त्यांची जपानी अक्षरं करतं. आपल्या ओळखीचं `tokyo` टाइप केलं, तर ऱ्हस्व ‘तोक्यो’ची अक्षरं उमटतात. राजधानीचं नाव नीट हवं असेल तर `toukyou` लिहावं लागतं, म्हणजे मूळ लिपीत दीर्घत्वासाठी कुठे ‘उ’ जोडलाय हे आधी माहीत असावं लागतं. `kinen` लिहिलं तर ‘स्मृती’ या अर्थाचा ‘किनेन’ येतो. धूम्रपानबंदीचा ‘किन्‌एन’ हवा असेल तर `kinnen`. रोमनमध्ये टाइप करायलाही लिपी यावीच लागते.

मग मराठी मुलं काय करतात? रोमाजी सोडून देवनागरीत लिहितात, आणि ते पुष्कळ बरं असतं. त-दचा प्रश्न मिटतो, दीर्घ स्वर दाखवता येतो. ‘त्सु’साठी तर आपल्याला ‘चमचा’तला च जिभेवर तयार मिळतो. हिरागाना या मूळ लिपीचा क्रमही आपल्याला घरचा वाटतो: अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत आणि सिद्धम् लिपीचा जो अभ्यास केला, त्यातून ही मांडणी जपानात घडली. जुन्या काळी ‘ह’च्या जागी ‘प’सारखा उच्चार होता, म्हणून तो ‘न’ आणि ‘म’च्या मधे बसलाय, अगदी आपल्या प-वर्गासारखा.

देवनागरी इतकी चांगली बसते, म्हणूनच ती सुटत नाही. ‘कोन्निचिवा’ हा नमस्कार पाहा. जपानी कानाला त्यात पाच ठोके ऐकू येतात: को, न्, नि, चि, वा. सुटा ‘न्’ तिथे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला पूर्ण ठोका मिळतो. आपण जोडाक्षर लिहितो आणि चार ठोक्यांत उरकतो. शिवाय शेवटचा ‘वा’ लिहिताना ‘हा’चं अक्षर वापरतात, कारण तो मुळात वाक्यातला विषय दाखवणारा प्रत्यय आहे. देवनागरीत फक्त उच्चार उतरतो, व्याकरणाची ही खूण पुसली जाते. पुढे प्रत्येक वाक्यात हा प्रत्यय येतो आणि मुलं तो चुकीच्या अक्षराने लिहीत राहतात.

उसनी लिपी आडवी येऊ लागली हे ओळखायची माझी एक साधी चाचणी आहे. हिरागानाची मूळ ४६ अक्षरं झाली की मी दोन चिठ्ठ्या देते. एकीवर ‘आरिगातो’सारखे रोजचे शब्द, दुसरीवर तेवढ्याच लांबीची निरर्थक अक्षरजुळणी. अक्षरओळख नवी असताना दोन्हींना सारखाच वेळ लागतो, ते स्वाभाविक आहे. महिन्याभराच्या सरावानंतर ओळखीचा शब्द झटकन वाचता यायला हवा. तेव्हाही वेळ सारखाच लागत असेल, तर विद्यार्थी शब्द पाहत नाहीये. एकेक अक्षर मनात देवनागरीत किंवा रोमनमध्ये उतरवून मग ते ऐकतोय. दुसरी खूण पुस्तकातच सापडते. जपानी ओळीच्या वर पेन्सिलीने उच्चार लिहिलेले असतील, तर वाचताना डोळे कुठे जातात ते बघा. ते वरच्याच ओळीवर धावतात आणि खालची ओळ महिनोन्‌महिने अनोळखी राहते.

बरं, हिरागाना आली म्हणजे सुटलो, असंही नाही. जपानीत शब्दांमधे जागा सोडत नाहीत. ‘बागेत दोन कोंबड्या आहेत’ या अर्थाचं एक गमतीचं वाक्य तिकडे सर्वांना ठाऊक आहे: निवानिवानिवानिवातोरिगाइरु. नुसत्या हिरागानात ही तेरा अक्षरांची सलग माळ होते आणि जपानी माणूसही क्षणभर अडखळतो. त्यातले बाग, दोन, नग आणि कोंबडी हे शब्द कांजी या चिनी मूळच्या चित्राक्षरांत लिहिले, की शब्द कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो ते नजरेलाच कळतं. विज्ञान आणि रसायनशास्त्र दोन्हींना ‘कागाकु’च म्हणतात, फरक फक्त कांजीत आहे. त्यामुळे प्राथमिक पातळीनंतर हिरागानाच नवी कुबडी होते. कांजीच्या डोक्यावर छापलेले बारीक हिरागाना उच्चार, म्हणजे फुरिगाना, वाचत राहिलं तर कांजी कधीच ओळखीची होत नाही. नित्य वापरातल्या कांजी २१३६ आहेत आणि त्या डोळ्यांनीच शिकाव्या लागतात. फुरिगानावर कागदाची पट्टी ठेवायची, ओळ वाचायची, अडलं तरच पट्टी सरकवायची.

रोमाजी सर्वथा वाईट नाही. आठ दिवसांच्या सहलीसाठी वीसेक वाक्यं हवी असणाऱ्याने तीच वापरावी. पहिले दोन आठवडे, कान तयार होईपर्यंत, देवनागरीतली टिपणंही चालतील. पण निहोंगो नोर्‍योकु शिकेन, म्हणजे एन-५ ते एन-१ या पातळ्यांच्या परीक्षेला बसायचं असेल, तर सर्वांत खालच्या एन-५च्या उताऱ्यांनाही रोमाजीची सोबत नसते. कांजीचा उच्चार ओळखा, या प्रश्नात चुकीचे पर्यायही नेमके ऱ्हस्व-दीर्घाचे असतात, आणि रेघ गाळून पाठ केलेले शब्द तिथे घात करतात.

म्हणून पुस्तक घेताना पहिला धडा पाहू नका, पाचवा उघडा. तिथेही प्रत्येक जपानी ओळीखाली रोमन ओळ छापलेली असेल, तर ते पुस्तक दुकानातच ठेवा.