सेवादिनाचे आवाहन : वेळ, संख्या आणि अंतिम मुदत

कारखान्याच्या फाटकाजवळील सूचनाफलकावर वर्षातून एकदा तरी असा कागद लागतो : ‘आपल्या कंपनीतर्फे सामाजिक सेवादिन साजरा होत असून सर्वांनी बहुसंख्येने सहभागी व्हावे. इच्छुकांनी आपली नावे लवकरात लवकर कार्मिक विभागाकडे द्यावीत.’ भाषेच्या दृष्टीने या दोन वाक्यांत दोष काढता येणार नाही. ज्याला जावे की न जावे हे ठरवायचे आहे, त्या माणसाला मात्र त्यांतून काहीच कळत नाही. किती वाजता निघायचे, घरी केव्हा परतायचे, काम कोणते, नाव कोणत्या दिवसापर्यंत देता येईल, आणि दिलेले नाव मागे घेता येईल काय, हे सर्व प्रश्न तसेच राहतात. मग नावे येतात ती दोनच प्रकारची. काही अत्यंत उत्साही मंडळींची असतात आणि उरलेली फोरमनने परस्पर लिहून दिलेली.

श्रमदान ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. तथापि दिल्या जाणाऱ्या श्रमाचे माप आधी सांगावे, ही शिस्त मात्र आपल्याकडे सार्वत्रिक नाही. तिचे एक जुने व चांगले उदाहरण राष्ट्रीय सेवा योजनेत आढळते. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याकडून दर वर्षी 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास नियमित सेवेची अपेक्षा ठेवण्यात आली. हा आकडा थोडा की फार याविषयी मतभेद संभवतात. पण नाव नोंदवणाऱ्याला आपण काय कबूल करीत आहोत हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. कंपनीच्या सेवादिनाचे आवाहनही याच पायावर उभे असावयास हवे.

एक उदाहरण घेऊन हे सविस्तर पाहू. दख्खनच्या पठारावरील एका कारखान्यात तीन पाळ्यांत मिळून सुमारे चारशे माणसे काम करतात असे समजू. पाळ्या दर आठवड्याला बदलतात आणि साप्ताहिक सुटी रविवारी असते. पाऊण तासाच्या अंतरावरील गावात शाळेच्या आवारात 120 झाडे लावावयाची आहेत. त्यांत कडुनिंब, करंज, जांभूळ अशी स्थानिक झाडे आहेत. दिवस रविवार, 12 जुलै हा ठरला आहे. तोवर पाऊस स्थिरावून माती खोलवर ओली झालेली असावी, एवढाच या निवडीमागील हेतू. पाऊस लांबला तर दिवसही पुढे ढकलावा लागेल, म्हणून 19 जुलै हा पर्यायी रविवार पहिल्याच सूचनेत लिहून ठेवणे इष्ट.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी आधी माणसे बोलावतात आणि जमलेल्या संख्येवरून काम शोधतात. परिणामी एका खड्ड्याभोवती पाच माणसे उभी राहतात. एक माती लोटतो आणि चौघे छायाचित्राची वाट पाहतात. वास्तविक आधी काम मोजावे आणि त्यावरून माणसे मागावीत. आपल्या उदाहरणातील खड्डे दोन फूट लांब, रुंद व खोल असे आहेत. ते मे महिन्यातच खणून घ्यावयाचे असतात, म्हणजे उन्हाने माती तापते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांत मुरते. मुरमाड जमिनीत असा एक खड्डा खणताना सवय नसलेल्या माणसाचा तासाहून अधिक वेळ जातो आणि हाताला फोड येतात ते वेगळेच. हे काम रोजंदारीवर करून घेणे हाच शहाणपणा होय. स्वयंसेवकांसाठी उरते ती लागवड. वरची माती व शेणखत कालवून खड्डा भरावयाचा, रोपाची प्लास्टिकची पिशवी चिरून पूर्णपणे काढावयाची, पिशवीत वेटोळी झालेली मुळे मोकळी करावयाची, रोपाचे खोड पिशवीत जेवढे मातीत होते तेवढेच जमिनीत ठेवून माती दाबावयाची, आळे करावयाचे, काठी रोवून सैल गाठीने रोप बांधावयाचे आणि भोवती काटेरी कुंपण घालावयाचे.

एवढ्या कामाला दोन माणसांच्या जोडीला अर्धा तास धरावा. अडीच तासांत एक जोडी पाच झाडे लावील. तेव्हा 120 झाडांना 24 जोड्या, म्हणजे 48 माणसे लागतील. पाणी व खत वाहून आणण्यास चार आणि अवजारांची नोंद, प्रथमोपचार व चहापाणी यांसाठी दोन अशी आणखी सहा माणसे धरली की एकूण 54 होतात. नाव दिलेल्यांपैकी साधारण पाचांतील एक ऐनवेळी येत नाही असे धरून चालावे. म्हणून 54 माणसे हवी असतील तर 68 नावांवर नोंदणी थांबवावी. पुढची नावे नाकारू नयेत, ती प्रतीक्षायादीत घ्यावीत आणि तसे त्या व्यक्तीला स्पष्ट सांगावे.

आता वेळेचा प्रश्न. संयोजक ‘अडीच तासांचे श्रमदान’ असे लिहितात, कारण त्यांच्या दृष्टीसमोर काम असते. येणाऱ्याच्या घरी मात्र हिशेब निराळा होतो. फाटकावरून बस सकाळी 7 वाजता सुटते आणि पावणेआठला गावात पोहोचते. माहिती, जोड्या लावणे, अवजारांचे वाटप यांत अर्धा तास जातो. सव्वाआठ ते पावणेअकरा काम चालते. हातपाय धुणे, चहा, अवजारांची मोजणी यांत पुन्हा अर्धा तास जातो; सव्वाअकराला निघून बस 12 वाजता फाटकावर परतते. म्हणजे एकंदर पाच तास होतात. आवाहनात लिहावयाचा आकडा हाच, फाटक ते फाटक. ज्याला दुपारी साडेअकराला आईला दवाखान्यात न्यावयाचे आहे, त्याने ‘अडीच तास’ वाचून नाव दिले तर तो पावणेदहापासून घड्याळाकडे पाहू लागेल आणि दोष त्याचा नसेल.

शिवाय 12 जुलैला सेवा संपत नाही, हे कोणी फारसे लिहीत नाही. लावलेले रोप पावसाळ्यात स्वतःच्या बळावर उभे राहते. त्याची खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे या काळात होते. या सुमारे 17 आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, झाडामागे 10 लिटर पाणी द्यावयाचे झाल्यास प्रत्येक वेळी 1,200 लिटर पाणी लागते. शाळेच्या कूपनलिकेवरून नळी जोडून चौघांना हे काम दीड तासात आटोपता येईल; प्रवास धरून तीन तास. अशा 34 खेपा होतात. चार माणसांप्रमाणे त्या 136 पाळ्या झाल्या. 34 माणसांनी प्रत्येकी चार पाळ्या पत्करल्या तर हिशेब पुरा होतो. हा दुसरा शब्द पहिल्याच नोंदणीपत्रकावर वेगळ्या रकान्यात मागावा. जुलैत ओल्या मातीत हात घातलेला माणूस फेब्रुवारीत आपसूक येईल, या भरवशावर राहू नये. त्या रकान्यात 34 नावे भरली नाहीत, तर 120 ऐवजी 60 झाडे लावणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते, कारण पाण्याची माणसे निम्मी असली तर झाडेही निम्मीच जगविता येतील. अर्थात रोपवाटिकेला संख्या कळविण्यापूर्वीच हा अंदाज घेतलेला बरा.

अंतिम मुदत ही मर्जीने ठरवावयाची गोष्ट नसून ती मागे मागे मोजत काढावयाची असते. 12 जुलैच्या सकाळी 7 वाजता रात्रपाळी सुटते. त्या पाळीतील माणूस येऊ शकणार नाही. शनिवारी रात्री 11 ला दुसरी पाळी संपवून घरी गेलेल्याने पहाटे उठावे ही अपेक्षाही कठोर आहे. तेव्हा 6 जुलैपासूनच्या आठवड्याचे पाळीपत्रक तयार होताना स्वयंसेवकांची यादी समोर असली पाहिजे, म्हणजे काहींची पाळी आपसांत बदलता येईल. पाळीपत्रक शुक्रवार, 3 जुलैला लागते. त्यासाठी यादी गुरुवारी सकाळी हवी. म्हणून नोंदणीची मुदत बुधवार, 1 जुलै, रात्री 11.30 ही ठरते. साडेअकरा अशासाठी की तोवर रात्रपाळी आत आलेली असते. याच कारणाने नोंदवही कार्मिक विभागात ठेवू नये, कारण त्याचे दार संध्याकाळी पाचला बंद होते. ती फाटकाशेजारच्या हजेरी कार्यालयात असावी. सूचना सोमवार, 15 जूनला लावली म्हणजे प्रत्येक पाळीला पुरेसे दिवस मिळतात. बसगाड्या, हातमोजे आणि अल्पोपाहार यांची पक्की संख्या बुधवार, 8 जुलैला द्यावयाची असल्याने नाव मागे घेण्याची मुदत तीच ठेवावी.

अशा रीतीने आवाहनाचा मजकूर पुढीलप्रमाणे होईल :

‘रविवार, 12 जुलै रोजी गावच्या शाळेत 120 झाडे लावण्यासाठी 68 स्वयंसेवक हवे आहेत. सकाळी 7 ला फाटकावरून निघून दुपारी 12 ला फाटकावर परत. वाकून करावयाचे काम आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी नोंदीची व चहापाण्याची दोन कामे राखून ठेवली आहेत. पाऊस नसल्यास 19 जुलै. फेब्रुवारी ते मे या काळात पाणी घालण्यासाठी प्रत्येकी तीन तासांच्या चार पाळ्या पत्करू शकणाऱ्यांनी तशी वेगळी नोंद करावी. नावे हजेरी कार्यालयातील वहीत स्वतःच्या हाताने 1 जुलै, रात्री 11.30 पर्यंत लिहावीत. 8 जुलैपर्यंत नाव मागे घेता येईल. कारण विचारले जाणार नाही. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असून न येण्याची कोठेही नोंद होणार नाही.’

‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द निरर्थक नाहीत. साप्ताहिक सुटी हा कामगाराचा हक्क 1948 च्या कारखाना अधिनियमाने दिला आणि 2020 च्या संहितेनेही आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेण्यास मनाई केली आहे. सुटीच्या दिवशी सक्तीने नेलेला माणूस स्वयंसेवक राहत नाही. ते बिनपगारी काम होते. सक्ती ओळखण्याची खूण वहीतच सापडते. एखाद्या खात्याची सारी नावे एकाच दिवशी, एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात आली की समजावे. अशी नावे खोडून, त्या त्या माणसाला फोरमनच्या अनुपस्थितीत पुन्हा विचारावे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ‘नाही’ म्हणण्याची किंमत त्यांच्या दृष्टीने अधिक असते.

काही व्यवस्थापनांना मोठ्या संख्येचा मोह पडतो, त्यामागे एक गैरसमज असतो. 2013 च्या कंपनी अधिनियमातील कलम 135 अन्वये, विहित मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची पैशांत किंमत करून ती या खर्चात दाखविता येईल, असे काहींना वाटते. तशी ती दाखविता येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे 68 च्या जागी 200 माणसे नेल्याने हिशेबाच्या वहीत काहीही वाढत नाही. फक्त बसगाड्या अधिक लागतात आणि काही रोपे पायांखाली जातात.

मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी यादी फलकावर लावावी. तीत जोडीदाराचे नाव, बसचा क्रमांक आणि प्रतीक्षायादीतील स्थान असावे. 8 जुलैनंतर रिकाम्या झालेल्या जागा प्रतीक्षायादीतून क्रमानेच भराव्यात, आणि ज्याला बोलावले त्याला आदल्या दिवशी नव्हे, तर गुरुवारीच कळवावे.