पैसे परत आले; नवे खाते कळवायचे कसे?

समजा, चाकणच्या एका कारखान्याने कोल्हापूरच्या फौंड्रीला कास्टिंगसाठी आगाऊ रक्कम दिली होती. काही नग तपासणीत नापास झाले आणि हिशेब मिटवताना फौंड्रीने १,८४,००० रुपये परत करायचे ठरले. फौंड्रीने एनईएफटी केली, पण त्याच दिवशी रक्कम तिच्याच खात्यात परत आली. बँकेने कारण दिले: खाते बंद. कारखान्याने बँक बदलली होती, मात्र परचेस ऑर्डरच्या तळाशी जुनाच खाते क्रमांक छापला जात होता. आता खरेदी विभागातल्या कारकुनाने फौंड्रीच्या अकाउंटंटना मेल लिहायचा आहे.

मेलमध्ये सांगायचे एवढेच, की जुने खाते बंद झाले आहे, पैसे नव्या खात्यात पाठवा. अडचण अशी की ठग नेमके हेच लिहितात. ते एखाद्याच्या मेलबॉक्समध्ये शिरतात, चाललेला पत्रव्यवहार वाचत बसतात आणि पैशांचा विषय निघाला की त्याच मेलखाली उत्तर धाडतात. ऑर्डर क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, सहीसुद्धा तीच. कधी पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते, तर कधी मेल खऱ्या पत्त्यावरूनच आलेला असतो. अशा वेळी 'हे खाते तुमचेच ना?' असे उलट मेलने विचारले, तर 'हो' असे उत्तर ठगच देतो. म्हणून प्रामाणिक कारकुनाने मेल असा लिहावा, की त्यावर विश्वास न ठेवताही समोरच्याला खात्री करून घेता येईल.

माझ्या मते पहिल्या मेलमध्ये खाते क्रमांक देऊच नये. तो साधारण असा असावा:

'सप्रेम नमस्कार. परचेस ऑर्डरपोटी आपण पाठवलेले १,८४,००० रुपये परत गेल्याचे आपण कळवलेत. आमचे जुने चालू खाते बंद झाले आहे आणि ऑर्डरवर चुकून तोच क्रमांक राहिला होता. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. रक्कम आपल्या खात्यात परत जमा झाल्याचे, मूळ व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जुळवून, कृपया स्टेटमेंटमध्ये पाहावे. नवा तपशील लेटरहेडवर, रद्द केलेल्या धनादेशाच्या प्रतीसह वेगळा पाठवत आहोत. तो मिळाल्यावर आमच्या पूर्वीच्या ऑर्डरवरील कार्यालयीन क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.'

स्टेटमेंट पाहायला सांगण्यामागे कारण आहे. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जातात. रक्कम जमा करता आली नाही, तर त्या बॅचचा हिशेब पूर्ण झाल्यापासून दोन तासांत ती परत पाठवणे समोरच्या बँकेला बंधनकारक आहे. तरीही परतीची नोंद पाहण्याआधीच दुसऱ्यांदा पैसे धाडले, तर एकच रक्कम दोनदा जाण्याचा धोका असतो.

नव्या तपशिलाची पीडीएफ पासवर्ड लावून पाठवतात आणि पासवर्ड फोनवर सांगतात. ते चांगलेच, पण त्यावर विसंबू नये. खाते क्रमांक कोणी वाचला यापेक्षा तो कोणी बदलला याची भीती मोठी आहे, आणि ठगही पासवर्ड लावलेली फाइल पाठवू शकतो. खरा आधार फोनचा. फोन फौंड्रीने करावा, तोही मेलमधल्या नव्हे, तर जुन्या ऑर्डरवरच्या क्रमांकावर. फौंड्रीच्या माणसाने हातातल्या कागदावरून खाते क्रमांक आणि अकरा अक्षरी आयएफएससी पूर्ण वाचावा, आणि इकडे कारकुनाने तो बँकेच्या कागदाशी ताडून पाहावा.

एवढी काटेकोरी लागते, कारण एनईएफटीत रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होऊ शकते, नाव जुळलेच पाहिजे असे नाही. आपल्या उदाहरणात खाते बंद होते म्हणून पैसे परत तरी आले. चुकीचा क्रमांक दुसऱ्या कुणाच्या चालू खात्याचा निघाला असता, तर ते तिकडेच जमा झाले असते. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. फौंड्रीने ती जरूर वापरावी, पण मिळत्याजुळत्या नावाने ठगही खाते उघडू शकतो, हे लक्षात ठेवावे. आधी शंभर रुपये पाठवावेत, ते कारखान्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसल्याचे फोनवर कळले की उरलेले १,८३,९०० पाठवावेत.

आणि पैसे भलत्याच खात्यात गेल्याचा संशय आला, तर मेलामेली करत बसू नका. लगेच आपल्या बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ती रक्कम पुढे काढली जाण्याआधी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा राहते.