निवडीचा वेळ पट्टीवर

नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत मानसशास्त्र घेतलेल्या मुलांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या चाळायचा मला जुना नाद आहे. प्रतिक्रियाकालाचा प्रयोग आला की मी थांबतो. साधा प्रतिक्रियाकाल, भेदबोधाचा काल, निवडीचा काल अशा तीन सरासऱ्या मांडलेल्या असतात, आणि पुष्कळदा वही तिथेच संपते. मला वाटतं, खरा प्रयोग वजाबाकीपासून सुरू होतो.

ही वजाबाकी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या फ्रान्सिस्कुस डॉन्डर्स यांची. ते डोळ्यांचे नामांकित डॉक्टर. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजला, तेव्हा विचाराचाही वेळ मोजता येईल असं डॉन्डर्सना वाटू लागलं. त्यांचा विद्यार्थी द यागर याने १८६५ मध्ये यावर प्रबंध लिहिला आणि १८६८ मध्ये डॉन्डर्सचा स्वतःचा लेख आला.

युक्ती अशी. समोरचा ‘की’ म्हणेल हे आधीच ठाऊक आहे. ऐकताच आपण ‘की’ म्हणायचं. हा ‘अ’ प्रकार. ‘ब’मध्ये तो का, की, कू, के, को यांतलं काहीही म्हणेल, आपण तेच परत म्हणायचं. ‘क’मध्येही तो काहीही म्हणेल, पण आपण फक्त ‘की’लाच उत्तर द्यायचं, एरवी गप्प राहायचं. ‘क’मध्ये ओळखावं लागतं, पण कोणतं उत्तर द्यायचं ते ठरलेलं असतं. म्हणून ‘क’मधून ‘अ’ वजा केला की ओळखण्याचा वेळ उरतो आणि ‘ब’मधून ‘क’ वजा केला की निवडीचा.

यंत्र नसलं तरी हे लाकडी पट्टीवर करता येतं, आणि माझा जीव याच कोपऱ्यात अडकलेला आहे. एकाने पट्टी वरून धरायची, प्रयुक्ताने शून्याच्या खुणेजवळ बोटं उघडी ठेवायची, पट्टी सुटली की पकडायची. किती सेंटिमीटर घसरली त्यावरून वेळ निघतो. ‘ब’साठी दोन पट्ट्या, दोन हात, कोणती सुटेल ते सांगायचं नाही. ‘क’साठीही दोन पट्ट्या, पण उजवी सुटली तरच पकडायची.

समजा, उजव्या हाताच्या सरासऱ्या ‘अ’ला २०, ‘क’ला २८ आणि ‘ब’ला ३६ सेंटिमीटर आल्या. दोन्ही अंतरं आठ-आठ सेंटिमीटरची, म्हणून ओळख आणि निवड यांना सारखाच वेळ लागतो असं लिहिण्याचा मोह होतो. पण पडणारी पट्टी दर क्षणाला वेग घेते, त्यामुळे खालचे आठ सेंटिमीटर ती लवकर ओलांडते. वेळ काढायचं सूत्र √(2d/g). त्यात अंतर मीटरमध्ये घातलं की ०.२०२, ०.२३९ आणि ०.२७१ सेकंद येतात. म्हणजे ओळखीला ३७ मिलिसेकंद, निवडीला ३२. प्रत्येक पकडीचा आधी वेळ काढावा, मग सरासरी, मग वजाबाकी.

आणखी एक अडचण पट्टीच्या लांबीची. नेहमीच्या पट्टीचे ३० सेंटिमीटर जेमतेम २४७ मिलिसेकंदांत संपतात. निवडीत ती हातातून निसटते, आणि निसटलेल्या खेपा गाळल्या तर उरलेली सरासरी खोटी वेगवान दिसते. इथे मीटरपट्टीच हवी. पाच सेंटिमीटरच्या आत पकडलेली खेप मी मात्र बाद करतो. शंभर मिलिसेकंदांत पाहून पकडणं होत नाही. प्रयुक्ताने अंदाजाने मूठ मिटलेली असते. म्हणून सोडणाऱ्याने दर वेळी थांबा बदलावा, बोटं आधी हलू देऊ नयेत. उजव्याची तुलना उजव्याशीच करावी, आणि ‘क’मध्ये चुकून पकडलेली डावी पट्टीही मोजावी. अशा चुका वाढल्या तर तो वेग न ओळखताच मिळालेला असतो.

एवढं सांभाळूनही वजाबाकीच्या मुळाशी एक गृहीत राहतं: एक पायरी घातली तर बाकीच्या तशाच राहतात. वुंट यांनी बोट ठेवलं की ‘क’मध्येही पकडू की नको ही निवड आहेच. पुढे क्युल्पे यांचा आक्षेप याहून खोल गेला. काम बदललं की माणसाची सगळी तयारीच बदलते. पट्टीपाशी हे डोळ्यांनी दिसतं. ‘अ’मध्ये नजर एका पट्टीवर खिळलेली, बोटं ताणलेली; ‘ब’मध्ये नजर मध्ये कुठेतरी आणि दोन्ही हात सैल. मग त्या ३२ मिलिसेकंदांत निवड किती आणि हा सैलपणा किती?

सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६९ मध्ये पायरी काढून टाकण्याऐवजी ती ताणून पाहायची वाट दाखवली. मला ती अधिक भरवशाची वाटते. खिडक्यांचे पडदे ओढून पट्टी अंधूक करा, आणि ‘क’ व ‘ब’ दोन्ही पुन्हा घ्या. अंधारामुळे दोन्हींत सारखेच मिलिसेकंद वाढले, तर दिसणं आणि निवडणं या वेगळ्या, एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या आहेत असं मानायला आधार मिळतो. ‘ब’मध्ये वाढ जास्त झाली, तर अंधार निवडीलाही भिडतो आहे असं समजायचं, आणि ३२ हा आकडा निवडीच्या नावावर लिहायचा नाही.