आठ आठवडे, एक प्रयोग : एकट्या विद्यार्थ्याच्या विज्ञान प्रकल्पाचे नियोजन

प्रदर्शनाला दोन महिने आहेत म्हटले की वेळ भरपूर वाटतो. प्रत्यक्षात, एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रयोग एकदा फसला तर तो पुन्हा करण्यास किती आठवडे उरतात, यावर सारे अवलंबून असते. म्हणून आम्ही नियोजन शेवटाकडून मोजतो, आणि प्रत्येक आठवड्याअखेर विद्यार्थ्याच्या हाती काय असावे हे आधी ठरवतो. ते कसे, हे एका उदाहरणाने मांडतो.

विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याला 'खारट पाण्याचा पिकांवर परिणाम' हा विषय सुचणे स्वाभाविक आहे. परंतु दोन महिन्यांसाठी तो फार मोठा आहे. पहिल्या आठवड्याअखेर वहीत एकच प्रश्न हवा : पाण्यात किती मीठ असता मुगाच्या निम्म्याच बिया रुजतात? हा प्रश्न मोजता येतो आणि त्याचे उत्तर चार-पाच दिवसांत मिळते.

दुसऱ्या आठवड्यात साहित्य जमवावे आणि नियम लिहून काढावेत. एकाच पिशवीतील मूग, सारख्या आकाराच्या झाकणाच्या डब्या, टिपकागद, मीठ आणि वजनकाटा एवढे पुरते. बी 'रुजले' केव्हा म्हणायचे, हेही आताच ठरवावे. मूळ दोन मिलिमीटर बाहेर आले की रुजले, असा नियम चालतो. तो आधी लिहिला नाही, तर सोमवारची आणि गुरुवारची मोजणी दोन वेगळ्या मापांनी होते, आणि एकट्याच्या कामात ती चूक दाखविणारे दुसरे कोणी नसते.

तिसरा आठवडा चाचणीचा, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यातील अर्ध्या लिटरमध्ये तेवढेच साधे पाणी घातले की लिटरला दहा ग्रॅमचे पाणी होते. पुन्हा तसेच केले की पाच ग्रॅमचे. ही तीन पाणी आणि चौथे साधे, अशा चार डब्यांत प्रत्येकी वीस बिया ठेवाव्यात. समजा, चौथ्या दिवशी साध्या पाण्यात १९, पाच ग्रॅमला १७, दहाला ८ आणि वीसला एकही बी रुजले नाही. तर निम्म्याची सीमा पाच आणि दहा ग्रॅमच्या दरम्यान आहे, हे कळले. उलट साध्या पाण्यातच ११ बिया रुजल्या, तर दोष मिठाचा नव्हे. बी जुने आहे किंवा डबीत पाणी साचून बिया गुदमरल्या आहेत. हे तिसऱ्या आठवड्यात कळले, तर बी बदलता येते.

चौथ्या आठवड्यात मुख्य प्रयोग. आता बारा ग्रॅमचे पाणी करून त्याचे निम्मे, म्हणजे सहा ग्रॅमचे, करावे. दोन्ही समप्रमाणात मिसळली की नऊ ग्रॅमचे मिळते. साध्या पाण्यासह प्रत्येकाच्या तीन डब्या, म्हणजे बारा डब्या आणि २४० बिया. मोजणी रोज एकाच वेळी, उदाहरणार्थ सायंकाळच्या अभ्यासिकेपूर्वी, करावी. घरी जाण्याची सुट्टी मध्ये येत नाही, हे पाहूनच डब्या मांडाव्यात. झाकण सैल राहिले तर पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते आणि पाणी ठरविल्यापेक्षा खारट होते. म्हणून डबीचे वजन सुरुवातीलाच टिपावे. ते घटले तर तेवढेच साधे पाणी घालावे, मिठाचे नव्हे.

पाचव्या आठवड्यात हाच प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करावा. दोन्ही वेळचे आकडे जवळपास आले तर निष्कर्षाला आधार मिळतो. सहावा आठवडा आम्ही मुद्दाम रिकामा ठेवतो. बुरशी, आजारपण किंवा परीक्षा यांपैकी एखादी अडचण आली तर येथे भरपाई करता येते. काहीच न आल्यास तिसरी फेरी होते.

सातव्या आठवड्यात तक्ते आणि आलेख. तीन डब्यांची सरासरी काढावी, पण प्रत्येक डबीचा आकडाही दाखवावा. एका डबीत १४ आणि शेजारच्या डबीत ६ बिया रुजल्या असतील, तर केवळ १० ही सरासरी ते अंतर झाकून टाकते. न जुळणारा आकडा खोडू नये. त्याचे संभाव्य कारण लिहावे.

आठव्या आठवड्यात फलक आणि तोंडी उत्तरांचा सराव. फलकावर मर्यादाही नोंदवावी : हा प्रयोग खाण्याच्या मिठाचा आणि केवळ रुजण्याचा आहे, शेतातील मातीत इतरही क्षार असतात आणि रुजलेले रोप पुढे तग धरेलच असे नाही. परीक्षकांनी त्याविषयी विचारले, तर उत्तर रोजच्या नोंदवहीतून द्यावे. म्हणून फलकाशेजारी ती वही, खाडाखोडीसह, उघडी ठेवावी.

पालकांनी या काळात डब्यांना हात लावू नये. आठवड्याअखेर 'या आठवड्याचे काय हाती आले, ते वहीत दाखव' एवढेच विचारावे. तिसऱ्या आठवड्याअखेर चाचणीचे आकडे वहीत नसतील, तर प्रश्न आणखी लहान करावा. पुनरावृत्तीचा आठवडा मात्र कापू नये.