पीपीआर आणि गावचा कळप

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांना होणारा विषाणूजन्य सांसर्गिक रोग आहे. त्याचा विषाणू मॉर्बिलीव्हायरस गटातला, म्हणजे गुरांच्या बुळकांडीचा आणि माणसाच्या गोवराचा भाऊबंद. म्हणूनच मराठीत याला शेळ्यांची बुळकांडी असेही म्हणतात. 1942 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये त्याची पहिली नोंद झाली. भारतात तो 1987 मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावच्या मेंढ्यांत आढळला आणि 1994 च्या सुमारास उत्तर भारतातही पसरल्याचे दिसून आले. माणसाला तो होत नाही. गाई-म्हशींना संसर्ग झाला, तरी त्या सहसा आजारी पडत नाहीत आणि रोग पुढेही नेत नाहीत.

विषाणू श्वासावाटे शरीरात जातो आणि पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो. या पेशी कमी झाल्या की जनावराची प्रतिकारशक्ती ढासळते. शेळी मरते ती बरेचदा या विषाणूच्या जोडीला फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंमुळे.

संसर्गानंतर साधारण तीन ते सहा दिवसांनी शेळीला 104 ते 106 अंश फॅरनहाइट ताप भरतो. ती चारा सोडते, रवंथ थांबवते आणि कळपापासून बाजूला उभी राहते. नाकातून आधी पाण्यासारखा स्राव येतो. पुढे तो पिवळट, घट्ट होऊन नाकपुड्यांवर वाळतो. डोळ्यांतल्या चिपडाने पापण्या चिकटतात. इथवर सर्दी झाली असावी असे समजून घरगुती उपाय चालू राहतात. पण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच शेळीच्या डोळ्या-नाकाच्या स्रावातून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो.

तापानंतर चार-पाच दिवसांनी तोंड उघडून पाहिले की रोगाची ओळख पटू लागते. खालच्या ओठाच्या आतली बाजू, दातांजवळच्या हिरड्या, वरची दंतगादी, टाळू आणि गालाच्या आतले काटेरी उंचवटे या जागी आधी लाली येते, मग टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके उमटतात. ते एकमेकांत मिसळतात आणि त्यावर मृत पेशींचा थर साचतो. गव्हाचा कोंडा चिकटावा तसा तो दिसतो. बोटाने हलकेच पुसला की खाली लालबुंद, उथळ व्रण उघडे पडतात आणि तोंडाची दुर्गंधी दोन हात लांबूनही येते. मावा रोगाशी घोळ होतो तो इथेच. माव्यात ओठांच्या बाहेरून जाड खपल्या धरतात, शेळी सहसा खातपीत राहते आणि हगवण नसते. मात्र पीपीआरमधून उठणाऱ्या शेळीच्या ओठांभोवतीही कधी कधी गाठी-खपल्या येतात, त्यामुळे नुसते ओठ पाहून निर्णय देणे धोक्याचे. ओठ वर करून आत पाहावे आणि ताप मोजावा.

तोंडातल्या व्रणांसारखेच नुकसान आतड्याच्या अस्तराचे होते. लेंड्या सुटतात, मग पातळ, घाण वासाची हगवण लागते आणि शेपूट व मागचे पाय बरबटतात. काहींना शेणात रक्त पडते. शरीरातले पाणी जाऊन डोळे खोल जातात. त्याच सुमारास खोकला सुरू होतो. शेळी मान ताणून, नाकपुड्या फुगवून श्वास घेते. तोंड, हगवण आणि न्यूमोनिया ही तिन्ही लक्षणे एकाच कळपात, एकामागून एक शेळ्यांत दिसली, तर पीपीआरचा संशय पक्का धरावा. बहुतेक मृत्यू ताप आल्यापासून पाच ते दहा दिवसांत होतात. गाभण शेळ्या गाभडतात. आधी कधी लस किंवा संसर्ग न झालेल्या कळपात निम्म्याहून अधिक शेळ्या जाऊ शकतात. खात्रीसाठी डोळ्या-नाकाच्या स्रावाचे नमुने बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. ते ताज्या, तापातल्या जनावराचे असावेत. हगवणीने आठवडाभर झुरलेल्या शेळीत विषाणू सापडण्याची शक्यता कमी होते.

विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंचा न्यूमोनिया आटोक्यात ठेवतात, मीठ-साखरेचे पाणी किंवा सलाइन शरीरातले पाणी भरून काढते, तोंडाला बोरोग्लिसरीन लावतात आणि मऊ, कोवळा चारा किंवा पेज देतात. वेळेत केले तर काही शेळ्या वाचतात. बऱ्या झालेल्यांना बहुधा आयुष्यभर पुन्हा रोग होत नाही आणि त्या विषाणू अंगात बाळगून फिरतही नाहीत.

रोखण्याचे साधन म्हणजे लस. भारतात वापरली जाणारी सुंगरी 96 ही सौम्य केलेल्या जिवंत विषाणूची लस आहे. मानेच्या बाजूला कातडीखाली 1 मिलीलिटर टोचली की किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. खरी अडचण थंडाव्याची आहे. वाळवलेल्या लसीची कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. सोबतच्या द्रावणात मिसळल्यावर ती बर्फाच्या डब्यातच ठेवून दोन तासांत संपवायची. एका कुपीत अनेकदा 100 मात्रा असतात, म्हणून शेळ्या आधी एकत्र बांधून मगच कुपी फोडतात. सुई-सिरिंज स्पिरिटने पुसू नये, कारण त्याने लसीतला विषाणूच मरतो. उकळून गार केलेली सिरिंज वापरावी.

चार महिन्यांखालच्या करडांना सहसा लस देत नाहीत. लस किंवा रोग अनुभवलेल्या आईच्या चिकातून त्यांना संरक्षण मिळालेले असते आणि ते संरक्षण लसीलाही निष्प्रभ करते. तीन-चार महिन्यांनी ते ओसरते, आणि तेव्हाच करडू रोगाच्या तावडीत सापडते.

यामुळे एकदा शिबिर घेऊन काम संपत नाही. उदाहरण म्हणून 300 शेळ्यांचे गाव धरू. पहिल्या वर्षी चार महिन्यांवरच्या 240 जणींना लस दिली, म्हणजे 80 टक्के कळप सुरक्षित झाला. प्रसार थांबवायला साधारण 70 ते 80 टक्के संरक्षण लागते असे मानतात, म्हणजे सारे ठीक दिसते. पण वर्षभरात त्यातली 80 जनावरे बाजारात गेली किंवा मेली, विशेषतः बोकड. उरली 160. नवी करडे आणि विकत आणलेली जनावरे धरून संख्या पुन्हा 300 झाली, तर संरक्षण 53 टक्क्यांवर घसरते. तीन वर्षे टिकणारी लस असूनही गावाचे संरक्षण एका वर्षात गळून जाते. दुसऱ्या वर्षी 140 नव्यांपैकी चार महिने पूर्ण केलेल्या 90 जणांना टोचले, की आकडा 250, म्हणजे 83 टक्क्यांवर जातो. म्हणून पहिल्या सरसकट लसीकरणानंतर दर वर्षी नव्या जनावरांना टोचणे महत्त्वाचे. कानातल्या बिल्ल्यावरून किंवा नोंदवहीवरून कोणाला लस झाली ते कळते. नोंद नसेल, तर पुन्हा सर्वांना टोचणे बरे, कारण दुसऱ्या मात्रेने अपाय होत नाही.

बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधावी. गावातून जाणारे मेंढपाळांचे कळपही मोहिमेत घ्यावे लागतात. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या मेंढ्यांना निघण्याआधी लस झाली, तर वाटेवरच्या गावांचा धोका घटतो. साथ आधीच शिरली असेल, तर आजारी जनावरांना लस देत नाहीत. आसपासच्या निरोगी कळपांना आधी टोचतात. पण संरक्षण तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात मेलेली शेळी म्हणजे लस वाईट निघाली असे नसते. बहुधा ती टोचण्याआधीच संसर्गित झालेली असते.

लसीकरण लागू पडले की नाही, हे महिन्याभराने काही शेळ्यांचे रक्त तपासून कळते. मात्र एक मर्यादा आहे: सध्याच्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडे आणि खऱ्या संसर्गाची प्रतिपिंडे रक्तात सारखीच दिसतात. त्यामुळे लस झालेल्या कळपात विषाणू अजून फिरतो आहे का, हे ठरवायला रक्त पुरत नाही. लस न झालेल्या लहान करडांवर नजर ठेवावी लागते.