अंतर्गत लेखापरीक्षकाच्या कामावर किती विसंबायचं?

समजा, एका कंपनीची 12 गोदामं आहेत. कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षकाने सगळा माल मोजून अहवाल केलाय. मग बाहेरचा लेखापरीक्षक तो तसाच मान्य करेल का? नाही. भारतात यासाठी एसए 610 हे मानक आहे. त्यानुसार तो आधी तीन गोष्टी बघतो.

पहिली, निःपक्षपातीपणा. अंतर्गत लेखापरीक्षक अहवाल कोणाला देतो? लेखापरीक्षण समितीला देत असेल तर ठीक. पण गोदामं ज्याच्या ताब्यात, त्याच व्यवस्थापकाला देत असेल तर चुका दडपल्या जाऊ शकतात. दुसरी, पात्रता, म्हणजे शिक्षण आणि अनुभव. तिसरी, कामाची शिस्त, म्हणजे नियोजन, लेखी नोंदी आणि वरिष्ठांची तपासणी. यातली एक जरी पुरेशी नसली, तरी ते काम वापरता येत नाही.

तिन्ही असल्या, तरी किती वापरायचं हे कामावर ठरतं. पोती मोजणं सरळ काम आहे, तिथे जास्त विसंबता येतं. पण पडून राहिलेल्या मालाची किंमत किती धरायची, यात अंदाज आला. ते तो मुख्यतः स्वतःच तपासतो.

मोजणीतलीही 3 गोदामं तो पुन्हा मोजतो. अहवालात 500 पोती आणि जागेवर 460 भरली, तर मधल्या काळातली आवक-जावक बघतो. तरी फरक सुटला नाही, तर विसंबणं कमी करून स्वतःची मोजणी वाढवतो. कारण अंतिम मतावर सही त्याची असते, म्हणून जबाबदारीही पूर्ण त्याचीच.